ऑफिसात लॅपटॉप घेऊन चालायला लागलं की व्हिडिओ कॉल तुटतो, वायफाय जुन्याच एपीला चिकटून बसतं का?

गिरणगावकर · सोमवार, दुपारी
नमस्कार मंडळी, लोअर परळला जुन्या गिरणीच्या आवारातल्या इमारतीत आमचं ऑफिस आहे. एकच मजला पण एल आकाराचा, कोपऱ्यात लिफ्टचा डक्ट आणि त्याला लागून पँट्री. छताला पाच एपी आहेत, सगळ्यांवर एकच नाव, लॉगिन प्रत्येकाच्या ऑफिसच्या आयडी पासवर्डने. नेटवर्कचं काम बाहेरच्या व्हेंडरकडे आहे पण तक्रारी सगळ्या माझ्याकडे येतात कारण ॲडमिनचं टेबल माझं.

तर होतं असं की माणूस जागेवर कॉल सुरू करतो आणि बोलता बोलता लॅपटॉप उचलून मीटिंग रूमकडे निघतो. पँट्री ओलांडली की चित्र गोठतं, मग आवाज तुकड्या तुकड्यात यायला लागतो आणि मीटिंग रूमच्या दारात पोचेपर्यंत "पुन्हा जोडत आहे" येतं. पाच-सात सेकंदांनी परत सगळं झकास. म्हणजे मीटिंग रूममध्ये नेट वाईट आहे असंही नाही, तिथेच बसून कॉल लावला तर तासभर काही होत नाही. व्हेंडरचा माणूस येतो, प्रत्येक एपीखाली उभा राहून स्पीड टेस्ट काढतो, आकडे दाखवतो, जातो. आकडे खरंच चांगले असतात हो, पण माझं दुखणं चालतानाचं आहे. फोनला हा त्रास फार कमी आहे, लॅपटॉपलाच जास्त. कुणी सांगेल का नक्की बघायचं काय?

कल्याण_फास्ट · सोमवार, दुपारी
ताई नेटचा प्लॅन वाढवून घ्या. आमच्या घरी पण हेच होत होतं, हॉलमध्ये राऊटर आणि बेडरूममध्ये जाताना कॉल कट, मग प्लॅन डबल केला आणि एक रिपीटर लावला, आता एकदम मस्त. रिपीटरचं नाव वेगळं ठेवलंय म्हणजे कुठल्याला जोडलोय ते कळतं, बेडरूममध्ये गेलं की हाताने बदलायचं.

रॅक_आणि_पॅच · सोमवार, दुपारी
@कल्याण_फास्ट घरी ठीक आहे पण इथे प्लॅनचा काही संबंध नाही, त्या म्हणतायत ना दोन्ही टोकांना बसून कॉल व्यवस्थित चालतो. आणि कॉल चालू असताना हाताने नाव बदललं तर कॉल तुटणारच, तेच तर टाळायचंय.

@गिरणगावकर सगळ्यात आधी एक करा, जागेवर असताना आयपी बघा आणि मीटिंग रूममध्ये गेल्यावर परत बघा. बदलत असेल तर कुठला तरी एपी वेगळ्या व्हीलॅनवर आहे किंवा स्वतःच आयपी वाटतोय, मग वायफायकडे बघायचीच गरज नाही. मी एका ठिकाणी पाहिलंय, पाचातला एक एपी रिसेट झाल्यावर राऊटर मोडमध्येच राहिला होता आणि सगळे महिनोन् महिने सिग्नल मोजत बसले.

दादर_टीटी · सोमवार, संध्याकाळी
हा क्लासिक स्टिकी क्लायंट आहे, लॅपटॉप जुन्या एपीला सोडत नाही. कंट्रोलरमध्ये मिनिमम आरएसएसआय म्हणून सेटिंग असतं ते -६७ ला लावा, सिग्नल त्याच्याखाली गेला की एपी स्वतःच लॅपटॉपला हाकलतो आणि लॅपटॉप जवळचा एपी पकडतो. आमच्या क्लासमध्ये मी लावलंय. दोन मिनिटांचं काम आहे, व्हेंडरला फोनवर सांगा. आणि पँट्रीत मायक्रोवेव्ह असेल तर तोही बघा, २.४ गिगाहर्ट्झवर दंगा करतो.

सिग्नलवाला · सोमवार, रात्री
दादर_टीटी, आजार बरोबर ओळखलात पण औषध आत्ता देऊ नका, आधी लॅपटॉप नक्की कशाला चिकटतोय ते पाहू. मी ऑफिसं आणि हॉस्पिटलांत वायरलेस सर्व्हे करतो, तिथे "स्टिकी" म्हणून आलेल्या तक्रारींतल्या बऱ्याच जागी चिकटण्याचं कारण लॅपटॉपात नसतं, एपीच्या पॉवरमध्ये असतं.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची, कुठला एपी कधी सोडायचा आणि कुठला धरायचा हे लॅपटॉप ठरवतो, एपी नाही. एपी सुचवू शकतो, फार तर बाहेर काढू शकतो, पण दुसरीकडे नेऊन बसवू शकत नाही. म्हणून मोजायचंही लॅपटॉपवरूनच.

ताई, विंडोज आहे ना? पॉवरशेल उघडा आणि हे चालू ठेवून नेहमीच्याच वाटेने कॉलवर असताना चाला. सावकाश चाला, कारण विंडोज हे आकडे थोडे उशिरा बदलतं.

```
while ($true) {
  Get-Date -Format HH:mm:ss
  netsh wlan show interfaces |
    Select-String "State|BSSID|Channel|Signal|rate"
  Start-Sleep 1
}
```

नवीन विंडोज ११ असेल तर लोकेशनची परवानगी चालू लागेल, नाहीतर नुसती एरर येते. दुसऱ्या खिडकीत गेटवेला पिंग लावा, म्हणजे तुटतंय ते ऑफिसच्या आत की बाहेर तेही कळेल.

```
ping -t -w 500 <गेटवेचा आयपी>
```

सिग्नल टक्क्यांत दिसेल. त्याचं अर्ध करा आणि १०० वजा करा, साधारण डीबीएम मिळतात, ६० टक्के म्हणजे -७०. आलेलं सगळं इथे टाका, बीएसएसआयडीचे शेवटचे दोन अंक पुरेत.

गिरणगावकर · मंगळवार, संध्याकाळी
आयपी दोन्हीकडे तोच राहतो, बघितलं. चालून आले, खूप ओळी आल्यात, त्यातल्या कामाच्या तेवढ्या ठेवून एकेका ओळीत आणल्यात:

```
16:12:08  ..:1c  ch 44   82%  tx 400
16:12:20  ..:1c  ch 44   60%  tx 162
16:12:26  ..:1b  ch 6    78%  tx 104
16:12:41  ..:1b  ch 6    54%  tx 39
16:12:52  ..:1b  ch 6    36%  tx 13
16:13:01  ..:1b  ch 6    28%  tx 6.5
16:13:04  disconnected
16:13:10  ..:5c  ch 108  90%  tx 400
```

पहिली ओळ माझ्या जागेवरची, १६:१२:२६ ला मी पँट्रीच्या दाराशी होते, १६:१२:५२ ला मीटिंग रूमच्या बाहेर आणि शेवटची दोन आतली. पिंगमध्ये १६:१२:४५ पासून मधूनच टाईमआऊट, मग सलग टाईमआऊट आणि मग परत १-२ मिलिसेकंद. मला वाटलं १सी सोडून १बी पकडला म्हणजे एपी बदलला, मग तुटतंय का? मायक्रोवेव्ह त्यावेळी बंद होता, मुद्दाम बघितला.

रॅक_आणि_पॅच · मंगळवार, संध्याकाळी
६ सेकंद नुसते डिसकनेक्ट ते कनेक्ट. लॉगिन आयडी पासवर्डने आहे म्हणजे दर वेळी रेडियस सर्व्हरपर्यंत जाऊन यायचं. ८०२.११आर चालू करून घ्या, एपी बदलायला मग ५० मिलिसेकंदाच्या आत वेळ लागतो, कॉलला पत्ताही लागत नाही. माझ्या मते केस इथेच संपली.

सिग्नलवाला · मंगळवार, रात्री
लॉग छान काढलात ताई, यात सगळं आहे. सावकाश वाचू.

१सी आणि १बी हे दोन एपी नाहीत. एकाच एपीचे दोन रेडिओ आहेत, एक ५ गिगाहर्ट्झचा आणि एक २.४ चा, म्हणून पत्ता शेवटी एकाच अंकाने वेगळा दिसतो. म्हणजे १६:१२:२६ ला लॅपटॉपने एपी बदललाच नाही, त्याच एपीचा बँड बदलला. त्याला ५ गिगाहर्ट्झवर -७० दिसत होतं आणि त्याच डब्याचा २.४ त्याला -६१ ने ऐकू येत होता, ९ डीबी चांगला. त्याच्या हिशोबाने त्याने योग्य तेच केलं. पण तुम्ही मीटिंग रूमकडे निघाला होतात आणि त्याने मागच्याच एपीला नव्याने धरून ठेवलं.

तिथून पुढे २.४ चं पोहोचणं लांबवर आहे त्यामुळे सिग्नल हळूहळू पडतो, झटकन तुटत नाही. -७३, -८२, -८६. पाठवण्याचा वेग १०४ वरून ६.५ वर आला. कॉल तिथेच मेलाय, डिसकनेक्ट होण्याआधी चांगली वीस सेकंदं, तुमचे टाईमआऊटही तेच सांगतायत. नंतरचे ६ सेकंद ही फक्त शेवटची पायरी.

@रॅक_आणि_पॅच म्हणूनच ११आर ने ही केस संपत नाही. ११आर चा फायदा जोडलेलं असताना एका एपीवरून दुसऱ्यावर जाताना होतो. इथे लॅपटॉप आधी पूर्ण तुटतो आणि मग नव्याने जोडतो, त्याला पहिल्यापासून सगळं लॉगिन करावंच लागणार. एपी पटकन कसा बदलायचा ते ११आर बघतं, कधी बदलायचा ते नाही. लावायचं आहे, पण शेवटी.

आता प्रश्न असा की -८२ ला सुद्धा त्याने दुसरा एपी का शोधला नाही. माझा अंदाज दोन गोष्टी एकत्र आल्यात. मीटिंग रूमचा एपी चॅनेल १०८ वर आहे, तो डीएफएस चॅनेल आहे, म्हणजे रडारबरोबर वाटून घ्यावा लागणारा. तिथे लॅपटॉपला आपण होऊन हाक मारायला परवानगी नसते, गप्प बसून एपीचा बीकन यायची वाट बघावी लागते आणि बीकन येतो साधारण दर १०२ मिलिसेकंदांनी. कॉल चालू असताना लॅपटॉप इतका वेळ चॅनेल सोडून दुसरीकडे कान द्यायला नाखूष असतो, कारण तेवढ्यात इकडची पॅकेट्स चुकतात. त्यामुळे बाजूला -५५ चा एपी असूनही त्याच्या यादीत तो नसतो किंवा जुन्या आकड्याने असतो.

व्हेंडरकडून दोन गोष्टी मागवा. प्रत्येक एपीची दोन्ही बँडची ट्रान्समिट पॉवर आणि तुम्ही पँट्रीपुढे उभ्या असताना कंट्रोलरमध्ये तुमच्या लॅपटॉपचा सिग्नल किती दिसतो. दुसरी फार महत्त्वाची, कारण लॅपटॉपला एपी किती ऐकू येतो हे तुम्ही मोजलंत, एपीला लॅपटॉप किती ऐकू येतो ते अजून कुणीच मोजलेलं नाही.

माहीमची · मंगळवार, रात्री
मधेच विचारते, आमच्याकडे सगळे मॅक आहेत आणि थोडाफार हाच त्रास आहे. मॅकमध्ये ते चिकटण्याचं प्रमाण कमी-जास्त करायचं सेटिंग कुठे असतं? विंडोजवाल्यांना ड्रायव्हरमध्ये काहीतरी असतं म्हणे.

सिग्नलवाला · मंगळवार, रात्री
@माहीमची मॅकमध्ये ते सेटिंग नाही. मॅक सिग्नल -७५ च्या खाली गेल्यावर दुसरा एपी शोधायला लागतो आणि नवा निदान १२ डीबी चांगला असेल तरच जातो, ॲपलने हे स्वतः लिहून ठेवलंय. आयफोन -७० लाच शोधायला लागतो. ताईंकडे फोनला त्रास कमी का, याचं एक कारण हेही असू शकतं, अर्थात फोन आयफोन असतील तर. तुम्ही ऑप्शन की दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक करा, बीएसएसआयडी आणि आरएसएसआय तिथेच दिसतात, त्यावरून चालत नोंद करा. मॅकवाल्या ऑफिसात सगळं एपीच्याच बाजूने जमवावं लागतं, जुन्याचा आवाज -७५ च्या खाली गेला तेव्हा नवा -६३ किंवा त्याहून बरा असेल अशी जागा आणि पॉवर ठेवायची.

विंडोजवर इंटेलचं कार्ड असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये `Roaming Aggressiveness` असतं, १ ते ५, मुळात ३ वर. ४ करायला हरकत नाही. ५ केलंत तर दोन एपींच्या मधे बसलेला माणूस जागेवर बसूनच इकडून तिकडे उड्या मारत राहतो, ती तक्रार मग वेगळीच येते.

दादर_टीटी · बुधवार, सकाळी
सिग्नलवाला साहेब, तुमचं विश्लेषण पटलं पण मिनिमम आरएसएसआय लावलं असतं तर -६७ लाच हाकललं असतं आणि हा २.४ चा सगळा प्रवास झालाच नसता ना? आमच्या क्लासमध्ये दोनशे मुलं येतात, -७५ ला लावलंय, काही प्रॉब्लेम नाही.

सिग्नलवाला · बुधवार, सकाळी
तुमच्याकडे चालतं कारण मुलं वर्गात येतात, बसतात, फोन खिशात असतो. एपीने फोनला बाहेर काढलं, फोन दोन सेकंदांनी परत जोडला, कुणाच्या लक्षात आलं? चालू कॉलवर तेच केलं की ते डिसकनेक्टच आहे, वर पूर्ण लॉगिनचा वेळ. म्हणजे आपण जे टाळायला बघतोय तेच आधी करून ठेवायचं.

आणि ताईंच्या लॉगवर लावून बघा. -६७ ला १सी वरून हाकललं, लॅपटॉपने आजूबाजूला पाहिलं, सगळ्यात मोठ्याने काय ऐकू येतंय? १बी, -६१. परत तोच एपी. तिथून -६७ ला पुन्हा हाकललं, आता १सी अजून पडलेला, १०८ यादीत असेलच असं नाही. दोन वेळा तुटलं आणि तरी हमी नाही. शिवाय कोपऱ्यातल्या टेबलावर ज्याला कायमच -६८ मिळतं आणि ज्याचं काम सुरळीत चालू आहे तो दिवसभर आत-बाहेर. मी हे सेटिंग लावतो, पण -८० च्या आसपास, बाकी सगळं जमल्यावर, रस्त्यावरून जाणाऱ्या फोनांना अडकू न देण्यासाठी. मोठ्या कंट्रोलरमध्ये ८०२.११व्ही असतं, त्यात एपी हाकलत नाही, "तिकडे जा, तो बरा आहे" असं सुचवतो, लॅपटॉप ऐकतो किंवा ऐकत नाही, पण कॉल तुटत नाही. आधी ते.

दादर_टीटी · बुधवार, सकाळी
बरं, १बी वर परत जाईल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पण व्ही वर माझा फार विश्वास नाही, निम्मे लॅपटॉप ऐकतच नाहीत.

गिरणगावकर · गुरुवार, दुपारी
व्हेंडरने स्क्रीनशॉट पाठवले. सगळ्या एपींवर पॉवर "ऑटो" आहे आणि प्रत्यक्षात दोन्ही बँड २० डीबीएमवर आहेत. लिफ्टच्या अलीकडच्या एपीला पँट्रीपुढे उभी असताना माझा लॅपटॉप -८४ ने दिसत होता, त्याच वेळी माझ्याकडे ५० टक्के म्हणजे -७५ होतं. २.४ वर सगळ्यात कमी दर १ एमबीपीएस ठेवलाय. रेडियस सर्व्हर आमच्या हेड ऑफिसला आहे, दुसऱ्या शहरात.

आणि रॅक_आणि_पॅच यांनी व्यक्तिगत निरोपात सांगितलं तसं इव्हेंट व्ह्यूअरमध्ये `WLAN-AutoConfig` चा लॉग पाहिला. ११०१० ची नोंद १६:१३:०६ ला, ११००५ ची १६:१३:०९ ला.

रॅक_आणि_पॅच · गुरुवार, दुपारी
११०१० म्हणजे सिक्युरिटी सुरू, ११००५ म्हणजे यशस्वी. तीन सेकंद नुसत्या लॉगिनला, बाकीचे तीन एपी शोधण्यात आणि आयपीचं पक्कं होण्यात. तीन सेकंद फारच आहेत, हेड ऑफिसच्या लाईनवर उशीर होतोय किंवा पहिला सर्व्हर उत्तर देत नाही आणि दुसऱ्याकडे जातंय. ते मी वेगळं बघायला सांगेन. सिग्नलवाला म्हणतात ते मान्य, ११आर ने हे तुटणं थांबणार नाही, पण पॉवर जमल्यावर जेव्हा नीट रोमिंग व्हायला लागेल तेव्हा हे तीन सेकंद दर वेळी नको असतील तर ते लागेलच.

सिग्नलवाला · गुरुवार, रात्री
-७५ आणि -८४. हा ९ डीबीचा फरक म्हणजे तुमच्या तक्रारीचं मूळ.

गणपतीत मंडळाचा स्पीकर तुम्हाला तीन गल्ल्या सोडून ऐकू येतो म्हणून तुम्ही तिथून बोललेलं मंडळाला ऐकू जात नाही. एपी २० डीबीएमने ओरडतोय, लॅपटॉपची ताकद साधारण त्याहून बरीच कमी असते. लॅपटॉप आपल्या कानावर विश्वास ठेवून म्हणतो एपी अजून ठीक आहे, राहू. पण त्याचं बोलणं एपीपर्यंत फाटून पोचतंय. म्हणून मीटिंगमधल्या लोकांना तुमचं चित्र आधी गोठलेलं दिसतं आणि तुम्हाला त्यांचं थोडं उशिरा. असंच होतं का ते विचारून बघा.

आणि १ एमबीपीएस चा दर चालू असल्यामुळे २.४ चे बीकन सगळ्यात हळू, सगळ्यात लांब पोचणाऱ्या दराने जातायत. लॅपटॉपला -८६ ला सुद्धा बीकन नीट कळतो, मग तो म्हणतो एपी आहे की इथेच.

व्हेंडरला हे या क्रमाने करायला सांगा आणि प्रत्येक बदलानंतर तीच वाट चाला, सगळं एकदम बदललं तर कशाने सुधारलं ते कधीच कळणार नाही.

पहिलं पॉवर. ऑटो काढा. ५ गिगाहर्ट्झ १४ डीबीएम, २.४ आठ. २.४ मुद्दाम ६ ने खाली, कारण त्याच ताकदीला तो नैसर्गिकपणे साधारण तेवढा जास्त ऐकू येतो आणि लॅपटॉपला तोच बरा वाटतो. पाच एपी एका मजल्यावर असतील तर दोन-तीन एपींवर २.४ पूर्ण बंदही करता येईल, पण एकदम नको. मग दर, सगळ्यात कमी १२ एमबीपीएस, त्याखालचे बंद. मग चॅनेल. १०८ सोडा. डीएफएस नसलेले ४० मेगाहर्ट्झचे चार जोड आपल्याकडे मिळतात, ३६, ४४, १४९ आणि १५७ पासूनचे. पाचव्या एपीला ३६ परत द्या पण एल च्या दुसऱ्या टोकाला. ८० मेगाहर्ट्झ लावायचा मोह व्हेंडरला होईल, स्पीड टेस्ट छान दिसते, होऊ देऊ नका. सगळ्यात शेवटी ११आर, तेही जुन्या उपकरणांना चालेल असा मिश्र प्रकार असेल तर तोच.

निवृत्त_बिनतारी · गुरुवार, रात्री
डीएफएसचा विषय निघाला म्हणून सांगतो. मुंबईत हवामान खात्याचं वेरावलीला सी-बँडचं रडार आहे, या बँडची रडारं ५.६ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात, म्हणजे तुमच्या चॅनेल १२० ते १२८ च्या भागात. एपीला रडारसारखं काही जाणवलं की त्याला तो चॅनेल सोडून लगेच दुसरीकडे जावं लागतं आणि अर्धा तास परत येता येत नाही. त्यामुळे कॉल तुटण्याचं हेही एक कारण असू शकतं, कंट्रोलरच्या लॉगमध्ये रडार शब्द शोधा.

सिग्नलवाला · गुरुवार, रात्री
काका मुद्दा बरोबर आहे आणि उपनगरात उंच मजल्यावर मी रडारच्या नोंदी पाहिल्यात. लोअर परळला गिरणीच्या जाड भिंतीआड किती पोचेल सांगता येत नाही. लॉगमध्ये बघायला काहीच हरकत नाही. पण ताईंचा कॉल एकाच जागी, चालतानाच तुटतो, रडारने तुटला असता तर बसलेल्यांचाही तुटला असता.

गिरणगावकर · पुढच्या आठवड्यात, बुधवार
उशीर झाला कारण व्हेंडर प्रत्येक बदलाला वेगळी व्हिजिट मागत होता, शेवटी लांबूनच करायला लावलं.

पॉवर कमी केल्यावर लगेच फरक. २.४ वर जाणं पूर्ण बंद झालं, पण पँट्रीपुढे १सी लाच -८० पर्यंत धरून राहायचा, चित्र गोठायचं पण कॉल तुटायचा नाही. दर बदलून फार काही जाणवलं नाही. चॅनेल बदलल्यावर मात्र हे आलं:

```
11:40:15  ..:1c  ch 44   80%  tx 400
11:40:31  ..:1c  ch 44   56%  tx 162
11:40:36  ..:5c  ch 157  76%  tx 300
11:40:50  ..:5c  ch 157  90%  tx 400
```

-७२ ला सोडला, -६२ चा पकडला, लिफ्टच्या डक्टपाशीच. तेव्हा ११आर नव्हतं तर तीनेक सेकंद आवाज गेला, चालू केल्यावर पिंगमध्ये एखादाच टाईमआऊट येतो आणि कॉलवरच्या माणसाला विचारलं तर त्याला कळलंही नाही. आणि हो, माझं चित्र आधी गोठायचं हे खरं निघालं, समोरचे तसंच म्हणाले. रडारची एकही नोंद लॉगमध्ये नाही.

आता दोन गोष्टी राहिल्यात. दाराजवळचं अंगठ्याचं हजेरी मशीन सोमवारी सकाळपासून ऑफलाइन, लोकांची हजेरी लागेना, मोठा गोंधळ झाला. आणि अकाउंट्समधले दोन जुने लॅपटॉप, इंटेल नसलेलं कार्ड आहे, ते अजून चिकटतात, त्यांच्या ड्रायव्हरमध्ये रोमिंगचं सेटिंगच दिसत नाही.

कल्याण_फास्ट · बुधवार
मशीनला रिपीटर लावून बघा की.

सिग्नलवाला · बुधवार, रात्री
रिपीटर नको, तो पुन्हा २.४ वर मोठ्याने बोलणार. मशीन बहुधा लांबून कमी दरावरच तग धरून होतं, दर १२ केला आणि पॉवर ८ केली म्हणून गेलं. त्याच्यासाठी वेगळं नाव बनवा, फक्त २.४ वर, फक्त दाराजवळच्या एपीवर, ११आर बंद, कमी दर चालू. किमान दर प्रत्येक नावाला वेगळा ठेवता येतो का ते व्हेंडरला विचारा. नसेल तर मशीनला केबल ओढा, हजेरीसाठी तेच सगळ्यात बरं.

जुन्या दोन लॅपटॉपचं, ड्रायव्हर कार्ड बनवणाऱ्याच्या साईटवरून नवा घेऊन बघा, विंडोज अपडेटचा बऱ्याचदा जुना असतो. `Preferred Band` असं काही दिसलं तर ५ करा. तरी चिकटले तर त्यांचाही असाच लॉग टाका, ते ५ वर चिकटतायत की २.४ वर यावर पुढचं ठरेल.

रॅक_आणि_पॅच · बुधवार, रात्री
त्या दोघांवर ११आर चालू असल्यामुळे तर काही होत नाहीये ना? जुन्या ड्रायव्हरांना ते झेपत नाही कधीकधी. ताई, त्या दोघांपुरतं ११आर नसलेल्या नावाला जोडून एकदा चालून बघा.

गिरणगावकर · गुरुवार, सकाळी
मशीनला केबल टाकायला इलेक्ट्रिशियन आज संध्याकाळी येतोय. अकाउंट्सचे दोन्ही लॅपटॉप महिनाअखेरीमुळे सोमवारपर्यंत हातात मिळणार नाहीत, मिळाले की दोन्ही नावांवर चालून दोन्ही लॉग इथेच टाकते.